दुसऱ्या खेपेचा भाव काय सांगायचा?

भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. त्याने एका नव्या यंत्रासाठी कंट्रोल पॅनल पहिल्यांदाच बनवले. पहिली खेप दहा पॅनलची होती. पत्र्यावर भोकं पाडणं, चॅनल बसवणं, वायरी कापून त्यांना नंबर घालणं, लग्ज दाबणं, ड्रॉइंगशी ताडून बघणं, चुकलेलं परत उकलणं, या सगळ्यात कामगारांचे मिळून ४०० तास गेले. म्हणजे पॅनलमागे ४० तास. माल गिऱ्हाइकाला पसंत पडला आणि त्याने आणखी तीस पॅनलचं कोटेशन मागितलं.

ताशी २०० रुपये मजुरी धरू, पीएफ, ईएसआय, बोनस सगळं धरून. कच्चा माल पॅनलमागे १५,००० रुपये. त्रैराशिकाने हिशेब झटकन होतो: पॅनलमागे ४० तास, म्हणून मजुरी ८,०००, एकूण २३,०००. तीस पॅनलचे ६ लाख ९० हजार. हे कोटेशन गेलं तर ऑर्डर बहुधा शेजारच्या गाळ्यात जाईल, कारण पुढच्या तीस पॅनलना एवढा वेळ लागणारच नाही. तोच वायरमन, तेच ड्रॉइंग, आता हात बसलेला. प्रश्न असा की वेळ कमी लागेल हे सगळ्यांना कळतं, पण किती कमी?

याचं आकड्यातलं उत्तर १९३६ साली टी. पी. राइट या अमेरिकन विमान अभियंत्याने छापलं. (विमान उडवणाऱ्या राइट बंधूंशी त्याचं नातं नाही.) विमानांच्या उत्पादनखर्चाचे आकडे बघताना त्याला एक सातत्य दिसलं. एकूण उत्पादन दुप्पट झालं की प्रत्येक विमानामागचे सरासरी श्रम आधीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात. पुन्हा दुप्पट केलं की त्या ८० टक्क्यांचे पुन्हा ८० टक्के. यालाच लर्निंग कर्व्ह म्हणतात आणि इथला दर ८० टक्के. हा आकडा जितका लहान तितकं शिकणं वेगवान. १०० टक्के म्हणजे कुणी काहीच शिकलं नाही.

आपल्या पॅनलना हाच दर लावू आणि दहा पॅनलची एक खेप हे एकक मानू. पहिल्या खेपेला ४०० तास. दोन खेपा मिळून सरासरी ४०० चे ८० टक्के, म्हणजे ३२० तास. चार खेपांची सरासरी ३२० चे ८० टक्के, म्हणजे २५६ तास.

परीक्षेला बसलेली मुलं आणि कोटेशन भरणारे व्यवस्थापक इथे एकाच जागी घसरतात. २५६ हा आकडा हाती आला की गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या तीन खेपांनी त्याला गुणायचं आणि ७६८ तास लिहून मोकळं व्हायचं. पण २५६ ही चारही खेपांची सरासरी आहे आणि तिच्यात ती संथ पहिली खेपही बसलेली आहे. क्रिकेटमध्ये बघा. पहिल्या डावात १०० धावा काढलेल्या फलंदाजाची सरासरी दुसऱ्या डावानंतर ८० झाली, तर दुसऱ्या डावात त्याने ८० नव्हे, ६० धावा काढल्या. तसंच इथे. दोन खेपांचे एकूण तास ३२० गुणिले २, म्हणजे ६४०. त्यातले ४०० पहिल्या खेपेचे, म्हणून दुसरीचे २४०. चार खेपांचे एकूण २५६ गुणिले ४, म्हणजे १,०२४ तास. त्यातून झालेले ४०० वजा केले की पुढच्या तीन खेपांसाठी उरतात ६२४ तास.

सरासरी काढायची, तिच्यावरून एकूण काढायचं, आणि होऊन गेलेलं एकूण वजा करायचं. या प्रकारची बहुतेक गणितं एवढ्यावर सुटतात, आणि वजाबाकीची पायरी गाळली की चुकतात.

आता कोटेशन. ६२४ तासांची मजुरी १,२४,८०० रुपये, कच्चा माल साडेचार लाख, एकूण ५,७४,८००. पॅनलमागे १९,१६०. त्रैराशिकाच्या २३,००० पेक्षा ३,८४० रुपयांनी कमी. मजुरी जवळपास निम्म्यावर आली, तरी एकूण खर्च मात्र सतरा टक्क्यांच्या आसपासच घटला, कारण तांब्याची वायर आणि कॉन्टॅक्टर काही शिकत नाहीत. खरेदी खात्याचा माणूस ‘ऐंशी टक्के कर्व्ह आहे ना, मग वीस टक्के कमी करा’ म्हणाला तर त्याला हे कागदावर मांडून दाखवावं. वरकड खर्चाचीही एक खोच आहे. पुष्कळ कारखाने तो मजुरीच्या टक्क्यांत लावतात. मजुरी निम्मी झाली की कागदावर वरकडही निम्मा होतो, पण गाळ्याचं भाडं आणि सुपरवायझरचा पगार तेवढेच राहतात. वीज, कन्झ्युमेबल यांसारखा तासांबरोबर हलणारा खर्चच कर्व्हवर टाकावा. बाकीचा वेगळा धरावा.

गिऱ्हाइकाने तीस नव्हे, वीसच पॅनल मागितले तर? एकूण खेपा तीन होतात आणि तीन ही संख्या दुपटीने येत नाही. तेव्हा सूत्र लागतं: `Y = a × X^b`. यात `a` म्हणजे पहिल्या खेपेचे तास, `X` म्हणजे आजवरच्या एकूण खेपा, `Y` म्हणजे त्या सगळ्यांची सरासरी. `b` मिळतो दराच्या लॉगला दोनच्या लॉगने भागून. ८० टक्क्यांसाठी तो सुमारे उणे ०.३२२ येतो. एक्सेलमध्ये तीन खेपांची सरासरी अशी काढता येते:

```
=400*3^(LOG(0.8)/LOG(2))
```

उत्तर साधारण २८०.८ तास. तिपटीने ८४२.५. त्यातून दोन खेपांचे ६४० वजा केले की तिसरी खेप २०२.५ तासांची, आणि चौथी उरलेल्या १८१.५ तासांची. ४०० वरून १८१ पर्यंतची ही घसरण बघा: पहिल्या पायरीला १६० तास वाचले, शेवटच्या पायरीला जेमतेम २१.

इथवर आपण राइटची व्याख्या वापरली. तिच्यात ८० टक्के लागू होतात ते सरासरीला. पुढे लॉकहीड विमान कंपनीतल्या जे. आर. क्रॉफर्डने दुसरी व्याख्या रूढ केली. तिच्यात ८० टक्के लागतात ते त्या त्या खेपेच्या स्वतःच्या वेळेला. तिच्यानुसार आपल्या दुसऱ्या खेपेला ३२० तास, तिसरीला २८०.८ आणि चौथीला २५६. तीन खेपांचे मिळून ८५६.८ तास, म्हणजे राइटच्या ६२४ पेक्षा दोनशेहून जास्त. दोघंही म्हणणार ‘ऐंशी टक्के’. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एका पद्धतीने मोजलेला दर दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात घातला की. परीक्षेत प्रश्नातली शब्दरचना कुठली व्याख्या ते सांगते. करारात ते स्वतःला विचारून घ्यावं लागतं.

मग आपल्या कारखान्याचा दर कुठून आणायचा? ८० हा राइटच्या विमानांचा आकडा आहे, तो भोसरीच्या पॅनलना लागू पडेलच असं नाही. स्वतःचा दर स्वतःच्या जॉब कार्डवरून निघतो, त्यासाठी निदान दोन खेपांची नोंद हवी. समजा दुसरी खेप प्रत्यक्षात २४० नव्हे, २६० तासांत झाली. दोन खेपा मिळून ६६० तास, सरासरी ३३०. भागिले ४००, दर ८२.५ टक्के. आता चार खेपांची सरासरी ३३० चे ८२.५ टक्के, म्हणजे २७२.२५, एकूण १,०८९ तास. उरलेल्या दोन खेपांना ३८४ ऐवजी ४२९ तास लागणार. दुसऱ्या खेपेतले वीस आणि पुढचे पंचेचाळीस धरून ६५ तास, म्हणजे तेरा हजार रुपये, ५,७४,८०० च्या अंदाजाबाहेर गेले. दर अडीच टक्क्यांनी हलला तर एवढा फरक पडतो. म्हणून दुसऱ्या खेपेनंतर अंदाज पुन्हा मांडायलाच हवा.

पहिल्या खेपेचा आकडा मात्र स्वच्छ हवा. त्या ४०० तासांत माल यायची वाट बघत बसलेले ५० तास असतील, तर ते शिकण्याच्या हिशेबात येत नाहीत. ते काढले नाहीत तर पहिली खेप फुगलेली दिसते आणि दुसरी झाली की सगळे जणू विलक्षण वेगाने शिकल्यासारखं भासतं. त्या खोट्या दरावर तिसऱ्या-चौथ्या खेपेचा भाव दिला की तोटा ठरलेला.

हा कर्व्ह कायम खालीही जात नाही. काम हाताचं असेल तोवरच तो चालतो. सीएनसी यंत्राचा सायकल टाइम पहिल्या आणि शंभराव्या नगाला तोच असतो. हातकामातही एका टप्प्यावर वेळ स्थिर होतो. समजा आठव्या खेपेनंतर तसं झालं. मग नवव्या खेपेचा भाव कुठल्या आकड्यावर द्यायचा? आठ खेपांची सरासरी २०४.८ तास, पण ती कामाची नाही. आठ खेपांच्या एकूण १,६३८.४ तासांतून सात खेपांचे सुमारे १,४९६.६ वजा केले की आठवी खेप येते साधारण १४२ तासांची. नवव्या, दहाव्या आणि पुढच्या सगळ्या खेपांना तोच आकडा लावायचा.

आणि शिकलेलं विसरलंही जातं. लॉकहीडच्या एल-१०११ ट्रायस्टार या प्रवासी विमानाची आर्थिक गणितं उत्पादन वाढेल आणि श्रम उतरत जातील या आशेवर उभी होती. सत्तरच्या दशकाच्या मध्याला मागणी घसरली, उत्पादनाचा वेग कमी झाला. अर्थतज्ज्ञ लॅनिअर बेन्कार्ड यांनी या विमानाचे आकडे तपासून २००० साली दाखवलं की विमानामागचे श्रम उतरत राहण्याऐवजी पुन्हा वाढले होते. अनुभवी माणसं पांगली, आणि वेगळी आवृत्ती आली तेव्हा जुन्या कामातलं शिकणं तिला पुरतं लागू पडलं नाही. अवघी २५० विमानं बनवून कंपनीने तोट्यात ते उत्पादन थांबवलं.

आपल्या गाळ्यातही हेच घडतं, फक्त लहान आकड्यांत. दोन ऑर्डरींमध्ये सहा महिने गेले, कंत्राटदाराने वायरमन बदलले, गिऱ्हाइकाने ड्रॉइंगमध्ये रिव्हिजन काढली, की तिसरी खेप २०२ तासांत होणार नाही. तेव्हा पुढच्या खेपांचा उतरता भाव द्याल तेव्हा कोटेशनमध्ये दोन अटी लिहून ठेवा: ऑर्डर किती दिवसांत यायला हवी, आणि ड्रॉइंग बदललं तर भाव नव्याने ठरेल.