चौकशीच्या मेलपासून फॉलो-अपच्या तारखेपर्यंत

उदाहरण : छतावरील सोलर बसवणारा व्यावसायिक

नोंद : फॉर्मची मेल बहुधा वेबसाइटच्याच पत्त्यावरून येते. ग्राहकाचा पत्ता `Reply-To` मध्ये किंवा मजकुरात शोधावा. नाहीतर यादीभर एकच पत्ता दिसतो. दुबार नोंदी मोबाइलच्या शेवटच्या १० अंकांवरून ओळखाव्यात.

गुण : स्वतःचे छत ४०, मासिक बिल ३,००० रुपयांवर ३०, महिन्याभरात काम हवे ३०. छत स्वतःचे, बिल ३,५००, पण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणाऱ्याला ७०. रकाना रिकामा असेल तर शून्य न देता ‘विचारायचे’ लिहावे.

तारीख : ७० किंवा अधिक गुणांना पुढच्याच कामाच्या दिवशी फोन. `A2` मध्ये चौकशीची तारीख असल्यास :

```
=WORKDAY.INTL(A2,1,11)
```

यातील `11` मुळे फक्त रविवार सुट्टीचा धरला जातो. साधे `WORKDAY` शनिवारही वगळते.