दोन राउटर, एकच पत्ता

आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून नवा राउटर आणला. नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यातून केबल काढून ती नव्या राउटरच्या वॅन पोर्टात घातली. फोन वायफायला जोडला गेला, पण नेट नाही. अनेकजण इथेच राउटर खराब समजून परत करतात. बहुतेक वेळा त्यात काहीच बिघाड नसतो.

नेटवाल्याचा डबा दोन कामं करतो. फायबरमधल्या प्रकाशाचे संकेत तो केबलला समजतील असे करतो आणि शिवाय स्वतःच राउटरही असतो: कंपनीकडे लॉगिन करतो, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो. ब्रिज मोडमध्ये ठेवला तर दुसरं काम तो सोडून देतो. पण बसवताना तो सहसा राउटिंग मोडमध्येच ठेवलेला असतो, आणि नवा राउटर तेच काम पुन्हा करू पाहतो.

चूक कुठली, हे नव्या राउटरच्या पानावर वॅनच्या स्थितीत दिसतं. तिथे PPPoE निवडून युजरनेम-पासवर्ड भरला असेल आणि जोडणी नुसती चालूच राहत असेल, तर कारण साधं आहे. ते लॉगिन डब्याने आधीच केलेलं आहे. नव्या राउटरची हाक डब्यापाशीच थांबते, तिला उत्तर देणारं तिथे कुणी नसतं. अशा वेळी PPPoE काढून Dynamic IP निवडा.

दुसरी शक्यता जास्त फसवी. वॅनवर 192.168.1.5 असा पत्ता मिळालेला दिसतो, म्हणजे सगळं ठीक वाटतं. पण राउटरचा स्वतःचा घरातला पत्ताही 192.168.1.1 असतो. दोन्ही बाजूंना एकच पत्त्यांची मालिका असल्यामुळे बाहेर जायचं ते कुठे पाठवायचं, हे त्याला ठरवता येत नाही. काही राउटर ही टक्कर ओळखून पत्ता आपोआप बदलतात, सगळे नाही. लॅनच्या सेटिंगमध्ये पत्ता 192.168.50.1 करा, राउटर पुन्हा सुरू होऊ द्या आणि फोनचं वायफाय बंद करून परत चालू करा. यापुढे राउटरचं पानही याच नव्या पत्त्यावर उघडेल.

एवढ्याने नेट येतं, आणि बहुतेक घरांना तेवढं पुरतं. घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून थेट गाठायचा असेल, तर मात्र पत्ते दोनदा बदलणारी ही मांडणी आड येते. तिथे ब्रिज मोड लागतो. पण त्यानंतरही वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनी स्वतःच एक पत्ता अनेकांत वाटते आहे, आणि ब्रिजने तो अडथळा हटत नाही.

ब्रिज करायला सांगण्याआधी नेटवाल्याकडून युजरनेम, पासवर्ड आणि VLAN चा क्रमांक लिहून घ्या. डब्याला लँडलाइन जोडलेली असेल तर ती चालू राहील ना, हेही तेव्हाच विचारा. आणि जुन्या सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा.