*गवती चहाच्या तेलाचा रूम स्प्रे: बाटली हलवून तेल पाण्यात विरघळत नाही*



गेल्या आठवड्यात गटातल्या एक ताई जठारपेठच्या ऑफिसात स्प्रेची बाटली घेऊन आल्या. साध्या पाण्यात गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकून घरीच केलेला स्प्रे. म्हणाल्या, "सर, चार दिवस नुसतं पाणीच उडलं, अन् काल एकदम इतका उग्र वास आला की पोराचे डोळे चुरचुरले."

बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभर पाणी, वर पिवळा थर. हे तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगते. स्प्रेची नळी मात्र तळापर्यंत असते. त्यामुळे आधी पाणी उडते अन् शेवटी जवळपास निव्वळ तेल. (लवंगाचं तेल जड असते, तिथं उलटं: पहिल्याच दाबात तेल.) हलवून मारलं तरी थोड्याच वेळात थर परत वर येतो.

कपाशीवर निंबोळी तेल मारताना आपण साबण टाकतोच ना? कारण तेच. पण तिथं पाणी दुधाळ झालं की काम भागते, कारण लगेच फवारायचं असते. स्प्रेची बाटली कित्येक दिवस उभी राहते, अन् दुधाळ पाण्यातले थेंब हळूहळू परत एक होतात. म्हणून इथं *पॉलिसॉर्बेट २०* लागते. साबण-अत्तराचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळते.

*१०० मिलीसाठी:* कोरड्या वाटीत १ मिली तेल (साधारण २० थेंब) अन् ५ मिली पॉलिसॉर्बेट आधी एकत्र घोटा. मग डिस्टिल्ड वॉटर थोडं थोडं टाकत हलवा. हा क्रम मोडू नका; तेल आधी पाण्यात गेलं की नंतर पॉलिसॉर्बेट टाकून नीट जमत नाही. बाटली रात्रभर ठेवा. सकाळी किंचित धुरकट दिसली तर चालते. वर थर किंवा तेलाची कडी दिसली तर पुढच्या वेळी पॉलिसॉर्बेट ७-८ मिली घ्या. यात टिकाऊपणासाठी काही नाही, म्हणून थोडंच करा अन् आठवड्यात संपवा.

दुसरा रस्ता अल्कोहोलचा. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, त्यात २ मिली तेल. हे टिकते. *वरून पाणी टाकू नका.* त्यात ३० टक्के पाणी आधीच आहे. अजून टाकलं की अल्कोहोलची पकड सुटते अन् स्प्रे दुधाळ होतो. गॅस, दिवा, उदबत्ती पेटलेली असताना मारू नका, पेट घेते.

ताईंनी जाताना विचारलं, "फवारणीचं स्टिकर टाकलं तर?" नाही! ते शेतासाठी आहे, घरात श्वासातून घ्यायला नाही. औषधाची रिकामी बाटली किंवा जुना पंपही वापरू नका, कितीही धुतला तरी. लहान लेकरू किंवा दम्याचा माणूस असलेल्या खोलीत कोणताच स्प्रे नको.

थर पडलेली बाटली असेल तर फेकू नका, ऑफिसात घेऊन या. सोबत बसून पाहू.