घरात पाणी येण्याआधी रस्ता बुडतो: पुराच्या सरावासाठी गावाचा नकाशा कसा आखतात?

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठावरच्या गावांत पूर आला की पाणी सहसा आधी घरात शिरत नाही. नदीची पातळी वाढली की ते ओढ्या-नाल्यांतून उलटे मागे सरकते आणि गावाबाहेरच्या सखल फरशीवर चढते. गाव अजून कोरडे असते, चुली पेटलेल्या असतात, पण बाहेर पडायचा रस्ता बंद झालेला असतो. मग उरते ती होडी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटून अनेकांचा जीव गेला. म्हणून पुराच्या सरावासाठी गावाचा नकाशा काढताना पहिला प्रश्न ‘कोणत्या वाटेने जायचे’ हा नसतो. ‘ती वाट कधी बंद होते’ हा असतो.

त्याचे उत्तर गावातच असते. पूर ओसरल्यावर भिंतींवर पाण्याची रेघ राहते, आणि बऱ्याच गावांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा कुणी ना कुणी दाखवतोच. नकाशा काढणाऱ्यांनी चार-पाच जाणत्या माणसांना आणि गल्लीगल्लीतल्या बायकांना बरोबर घेऊन वेशीपासून पक्क्या रस्त्यापर्यंत चालत जायचे आणि रस्त्यावरचा सर्वांत सखल बिंदू शोधायचा. बहुधा ती ओढ्यावरची फरशी असते. कधीकधी मात्र ती एखादी साधी उतरणच असते, कोरड्या दिवसांत लक्षातही न येणारी.

आता भिंतीवरची रेघ आणि हा सखल बिंदू यांच्या उंचीत फरक किती, ते मोजायचे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही; गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. अंतर जास्त असले तर टप्प्याटप्प्याने मोजत जायचे आणि प्रत्येक टप्प्याचा फरक वहीत मांडायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते. त्यामुळे दोन्ही टोके आधी शेजारी धरून पाणी एका पातळीत येते का, ते पाहून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. पंचगंगेकाठच्या एका गावात २०१९ च्या रेघेपेक्षा फरशी १७ फूट खाली भरली. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी फुटांत मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. ५५ मधून १७ वजा केले की ३८ उरतात, म्हणजे बंधाऱ्यावर साधारण ३८ फूट असताना फरशी बुडायला हवी. हा अंदाजच आहे. बंधारा आणि गाव यांच्यामध्ये नदीला उतार असतो, आणि तो प्रत्येक पुरात सारखा राहत नाही. म्हणून आकडा आठवणीशी ताडून पाहायचा: २०२१ ला दुधाची गाडी कोणत्या दिवशी बंद झाली, त्या दिवशी पातळी किती होती? लोकांच्या सांगण्यावरून ३७ निघाले, तर दोहोंतला कमी आकडा, म्हणजे ३७, धरायचा.

पुढचा हिशोब वेळेचा. सखल गल्ल्यांतली माणसे आणि जनावरे फरशीपलीकडे न्यायला सहा तास लागतात असे धरू. नदी तीन तासांना एक फूट चढत असेल, तर सहा तासांत दोन फूट चढेल. एक फूट राखीव ठेवला की निघायची वेळ ३४ फुटांवर येते. अधिकृत इशारा पातळीच्या पाच फूट आधी! इशाऱ्याची वाट पाहणारे हे गाव प्रत्येक वेळी होडीवरच अवलंबून राहील. नकाशावर वाटेच्या बाणाशेजारी ‘३४’ ठळक लिहायचे आणि फरशीवर ‘३७ ला बंद’. या दोन आकड्यांशिवाय तो नुसता रस्त्यांचा नकाशा आहे.

एकत्र जमायची जागा आणि निवारा या दोन गोष्टींची गल्लत फार होते. जमायची जागा म्हणजे माणसे मोजायची आणि गाडीत बसवायची जागा. ती गल्लीपासून चालत पाच-दहा मिनिटांवर हवी, ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढी मोकळी हवी, आणि तिथवर जाताना कोणताही सखल बिंदू ओलांडावा लागू नये. सवयीने नदीकाठच्या देवळाचे पटांगण सुचवले जाते, कारण गाव तिथेच जमते. पण पाणीही तिथेच आधी येते. निवारा मात्र फरशीपलीकडे, उंचावरच हवा. निवाऱ्यासाठी मदतकार्याच्या ‘स्फिअर’ मापदंडात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट झाकलेली जागा धरतात. २० बाय २५ फुटांच्या वर्गखोलीत त्या हिशोबाने १३ माणसे मावतात. शाळेच्या चित्रावर ‘निवारा’ असा शिक्का मारण्याआधी खोल्या मोजलेल्या बऱ्या.

जनावरांसाठी वेगळी खूण आणि वेगळी जागा हवीच. म्हैस दावणीला असताना घरातला एक तरी माणूस मागे राहतो, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. जनावरे माणसांच्याच रस्त्याने, त्याच वेळी निघाली तर फरशीवर कोंडी होते. म्हणून त्यांचा बाण आधीच्या आकड्यावर, समजा ३२ फुटांवर, सुटलेला दाखवतात.

नकाशा आधी जमिनीवर रांगोळीने काढावा, म्हणजे कुणालाही पायाने पुसून दुरुस्ती सांगता येते. मग तो भिंतीवर रंगवायचा. भिंत २०१९ च्या रेघेच्या वरची हवी, आणि चित्र त्या भिंतीसमोर उभ्या माणसाच्या दिशेने फिरवलेले हवे. उत्तर वर ठेवायच्या हट्टापायी चित्रातली उजवी गल्ली प्रत्यक्षात डावीकडे निघाली, तर घाईत माणूस उलटाच जातो. अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर बायका यांची घरे मात्र भिंतीवर दाखवू नयेत. ती यादी गल्लीप्रमुखाकडच्या प्रतीत असावी.

सरावात हे सगळे तपासले जाते. दुपारी अकराला, शाळेच्या मुलांची रांग लावून केलेला सराव नेहमी वेळेत संपतो आणि काहीच सांगत नाही. तो अंधार पडल्यावर, गल्लीतले दिवे बंद ठेवून करावा. शेवटचा माणूस जमायच्या जागी आला तेव्हाची वेळ लिहावी, पहिल्याची नव्हे. मध्येच, आधी न सांगता, एका चौकात दोरी बांधून ‘इथे पाणी आले’ असे जाहीर करावे. लोक कोणत्या गल्लीने वळतात ते पाहिले की दुसरी वाट नकाशावर आहे की फक्त आखणाऱ्याच्या डोक्यात, हे लगेच कळते. जमलेली डोकी आणि यादी जुळली नाही तर कोणत्या गल्लीचा आकडा कमी पडला ते त्याच रात्री पाहावे. सहा तासांचे आठ झाले, तर भिंतीवरचा ३४ पुसून ३३ लिहावा लागतो.

हाच नकाशा कोकणात वादळासाठी चालणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर झाडे आणि विजेचे खांब कोसळून रस्ते अडले होते. तिथे वाट बंद करणारा बिंदू फरशी नसतो, नारळी-पोफळीच्या वाडीतून जाणारा अरुंद रस्ता असतो. वारा सुरू झाल्यावर त्या वाटेने कुणी निघूच नये, म्हणून बाणाशेजारी पातळीचा आकडा न लिहिता हवामान खात्याने सांगितलेल्या धडकेच्या किती तास आधी निघायचे ते लिहितात.