फाळक्यावरची अक्षरं

ट्रकच्या मागच्या फाळक्यावर डावीकडे ‘हॉर्न’, उजवीकडे ‘प्लीज’ आणि मधोमध भलंमोठं ‘ओके’ असतं. वाचणारा तिन्ही शब्द एका दमात म्हणतो. पेंटरने मात्र ‘ओके’ वेगळ्या रंगात, कधी चौकटीत बसवलेलं असतं. मग हे एक वाक्य, की दोन शब्दांची विनंती आणि मध्ये एक स्वतंत्र शिक्का? महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी 2015मध्ये हे शब्द व्यावसायिक वाहनांवर लिहायला मनाई केली. कारण त्यांचा अर्थ हॉर्न वाजवण्याचं आमंत्रण असा घेतला गेला. म्हणजे कायद्याने त्या तिघांना मजकूर म्हणूनच वाचलं.

रंगकामाच्या बाजूने पाहिलं तर मजकूर आणि सजावट यांच्यातली सीमारेषा इतकी स्पष्ट राहत नाही. समजा, फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’ लिहायचं आहे. आधी जुना रंग खरवडून अस्तर आणि पार्श्वभूमीचा रंग देतात. तो वाळला की खडूच्या पुडीत घोळवलेली सुतळी दोन टोकांना ताणून, मधून उचलून सोडतात. ही उमटलेली रेघ म्हणजे शिरोरेघेची जागा. खरी अडचण तिच्या वर आहे. ‘ई’चा वरचा फाटा, ‘शी’ची वेलांटी आणि ‘र्वा’चा रफार, तिघांनाही वर जागा हवी आणि तिथेच वेलबुट्टीची किनार खाली उतरलेली असते. शिरोरेघ खाली आणावी तर अक्षरं बुटकी होतात आणि एखादा बोल्ट नेमका ‘श’च्या पोटात येतो. अशा वेळी पेंटर रफाराचं टोक वेलीच्या पानात मिसळून टाकतो. तो फटकारा आता अक्षराचा आहे आणि किनारीचाही.

अक्षरं लहानमोठी होण्यामागेही बहुतेकदा असंच कारण असतं. सुरुवातीचा ‘आ’ ऐसपैस मांडला की शेवटच्या ‘द’ला अंग चोरावं लागतं. इनॅमलमध्ये टर्पेंटाइन जास्त झालं तर अक्षराच्या तळाशी ओघळ येतो. पहिला रंग वाळण्याआधी सावली दिली की दोन्ही रंग एकमेकांत उतरतात. ओघळ ही चूक आहे. अरुंद ‘द’ हा मात्र जागेशी केलेला हिशेब आहे. अशा फाळक्यांची नोंद करणाऱ्याला हा फरक कळायला हवा.

हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमातून अशा पेंटरांची अक्षरं संगणकाच्या फाँटमध्ये आणली. हे काम मोलाचंच आहे. पण साध्या फाँटमध्ये एका अक्षराचा एक ठरलेला साचा असतो. आपल्या फाळक्यावरचे दोन ‘आ’ वेगवेगळे असतात, कारण दुसरा लिहिताना किती जागा उरली हे पेंटरला ठाऊक असतं. ‘बुरी नजरवाले’च्या शेजारी चितारलेलं काळं तोंड तर वाक्याचा शेवटचा शब्दच असतो.

म्हणून नुसते शब्द वहीत उतरवणं मला अपुरं वाटतं. फाळक्याची समोरून घेतलेली छायाचित्रं, शब्दांची जागा आणि रंग, बोल्ट व बिजागऱ्या कुठे आहेत, कोणतं चित्र कुठल्या शब्दाला लागून आहे, एवढं तरी सोबत नोंदवावं. दुसऱ्या बाजूला, ट्रकच्या अंगावर त्याच ब्रशने लिहिलेले रिकामं वजन आणि भरलेलं वजन हे आकडे खुशाल टंकून घ्यावेत. त्यांचं काम आकडा कळला की पुरं होतं.