गडचिरोलीतले तीन प्रश्न

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची गडचिरोलीतली तीन कामं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. विषय बाया-बाळांच्या आरोग्याचाच, पण प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा होता. त्यामुळे अभ्यासाची मांडणीही वेगळी झाली.

अंगावर पांढरं जातं, त्याबद्दल बायका स्वतः काय समजतात? इथे छापील प्रश्नावली निरुपयोगी, कारण तिच्यातले पर्याय संशोधकाच्याच डोक्यातून आलेले असणार. म्हणून बायकांना त्यांच्या शब्दांत बोलू द्यायचं आणि ऐकायचं. हे अन्वेषणात्मक संशोधन. किती जणींना हा त्रास आहे, हे मात्र अशा गप्पांतून कळत नाही.

‘किती’ हा वर्णनात्मक संशोधनाचा प्रश्न. दवाखान्यात आलेल्यांची मोजणी केली असती, तर फक्त आजारीच मोजल्या गेल्या असत्या. म्हणून दोन गावांतल्या सगळ्याच बायकांना बोलावलं, तक्रार असो वा नसो. सुमारे ६५० जणींची तपासणी झाली. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तक्रार ५५ टक्के बायकांनी सांगितली होती, आजार आढळला ९२ टक्क्यांमध्ये. नुसतं विचारून भागवलं असतं तर हा फरक दिसलाच नसता. तरी एक खोट राहिलीच. बोलावलेल्या सगळ्या आल्या नव्हत्या, आणि त्रास असणारी बाई येण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रश्न कारणाचा होता. गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, गरज पडली तर जंतुसंसर्गावर औषध आणि इंजेक्शनही दिलं, तर मृत्यू कमी होतात का? हे स्पष्टीकरणात्मक संशोधन. ३९ गावांत ही सेवा दिली. ४७ गावांत ती न देता फक्त जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू पहिल्या गटात सुमारे ६२, दुसऱ्यात सुमारे ५८ होते. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८मध्ये, पहिल्या गटात ते सुमारे २५वर आले, दुसऱ्यात मात्र ६०च्या आसपासच राहिले. माझ्या मते या अभ्यासाचा सगळा भार त्या ४७ गावांवर आहे. ती नसती, तर रस्ते झाले, पाऊसपाणी बरं झालं म्हणून मृत्यू घटले, असं कुणीही म्हटलं असतं आणि ते खोडता आलं नसतं.

गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, म्हणून आधीच्या आकड्यांतलं साम्य दाखवणं भाग होतं. शिवाय ऊब, स्तनपान, गुदमरलेल्या बाळावरचे उपाय, इंजेक्शन हे सारं एकत्रच दिलं गेलं. त्यातल्या कशाने किती बाळं वाचली, हे दोन गटांच्या या तुलनेतून निघत नाही. त्यासाठी गावांचे आणखी गट पाडावे लागले असते.