मित्राचा फ्लर्टिंगचा मेसेज आलाय, पण मनात तसं काही नाही? उत्तर कसं द्यायचं?

रात्रीचे साडेअकरा. कॉलेजपासूनच्या मित्राचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो: ‘आज त्या निळ्या कुर्त्यात काय दिसत होतीस यार! तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीयेस.’ सोबत डोळा मारणारा इमोजी. तुम्हाला तो मित्र म्हणून हवा आहे, पण हे नको आहे. मेसेज वाचलाय, ब्लू टिक गेली आहे. आता?

इथे आपण अडकतो का?

मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एकतर्फी प्रेमावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेमात पडलेल्याने काय करायचं हे सिनेमे आणि गाणी शिकवतात, पण नकार देणाऱ्याने काय बोलायचं याची तयार ‘स्क्रिप्ट’ कुणाकडेच नसते, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. म्हणून मग आपण हसण्याचा इमोजी टाकतो किंवा ‘चल काहीही!’ म्हणून विषय टाळतो. समोरच्याला यात नकार दिसत नाही. उलट ‘लाजतेय’ असाही अर्थ निघतो, आणि आठवड्याभरात दुसरा मेसेज येतो.

उत्तरात काय असावं?

फ्लर्टिंग म्हणजे प्रपोज नव्हे. त्यात ‘मी तर गंमत करत होतो’ म्हणून मागे फिरायची वाट मुद्दाम ठेवलेली असते. आपल्या उत्तराने ती वाट बंद करायची नाही, पण पुढची वाट मात्र बंद करायची. उदाहरणार्थ:

‘हाहा, कुर्त्याचं कौतुक पोहोचलं! पण ऐक ना, आपल्यात हे फ्लर्टिंग नको. मला अवघडल्यासारखं होतं आणि माझ्या मनात तसं काही नाहीये. मित्र म्हणून तू मला खूप जवळचा आहेस, ते आहे तसंच आहे. बरं, रविवारी सिंहगडला किती वाजता निघायचं?’

सुरुवात हलकी आहे, त्यामुळे त्याला गुन्हा केल्यासारखं वाटत नाही. मधली दोन वाक्यं सरळ आहेत, त्यांत ‘सध्या’, ‘कदाचित’, ‘बघू’ असे शब्द नाहीत. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण मैत्री टिकेल असं नुसतं सांगण्याऐवजी तो ती पुढे चालू करतो. मात्र रविवारचा बेत खरंच ठरलेला आणि सगळ्या ग्रुपचा असेल, तरच हा प्रश्न विचारा. दोघांचाच बेत असेल तर उत्तराचा अर्थ बदलतो.

काय लिहू नये?

‘सध्या करिअरवर लक्ष आहे’ हे कारण परिस्थितीचं आहे, आणि परिस्थिती बदलेल म्हणून माणूस थांबून राहतो. ‘तू मला भावासारखा आहेस’ हे वाक्य गरज नसताना टोचतं, शिवाय ग्रुपमध्ये चेष्टेचा विषय होतं.

आणि ‘सॉरी’? गिली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या संशोधनात असं आढळलं, की नकारासोबत माफी मागितली तर समोरच्याला जास्त दुखावल्यासारखं वाटतं. शिवाय, मनातून माफ केलं नसलं तरी ‘ठीक आहे’ म्हणायचा दबाव येतो. त्यामुळे पाच वेळा सॉरी म्हणण्यापेक्षा एक आपुलकीचं वाक्य पुरेसं आहे.

तो म्हणाला, ‘अगं, मजा करत होतो!’ तर?

करू द्या. ‘ओके, मग विषय संपला’ एवढंच लिहा. ‘खोटं बोलू नकोस, मला कळतंय’ असं म्हणून त्याला कोंडीत पकडू नका. त्याला मान राखून मागे जाता आलं, तर तो सोमवारी तुमच्यासोबत चहाला येऊ शकेल. याच कारणासाठी त्या चॅटचा स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. नकार पचवता येतो, पण चारचौघांत झालेलं हसं पचत नाही.

तो काही दिवस गप्प राहिला, तर दर दोन तासांनी ‘रागावलास का?’ विचारू नका. एक-दोन आठवडे जाऊ द्या. दरम्यान त्याच्या प्रत्येक स्टोरीवर लाल बदाम टाकणंही थांबवा. तुमच्यासाठी ती सवय असेल, त्याच्यासाठी तो संकेत ठरू शकतो.

आणि तरीही मेसेज आले तर?

एवढं स्पष्ट सांगूनही तेच चालू राहिलं, तर प्रेमळ उत्तराची जबाबदारी तुमची उरत नाही. दुसऱ्यांदा एकच ओळ: ‘मी आधीच नाही म्हटलंय. असे मेसेज पाठवू नकोस.’ त्यानंतर ब्लॉक. चॅट मात्र डिलीट करू नका. स्त्रीने नकार स्पष्ट दाखवूनही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो, आणि तुमचा तो पहिला साधा, सरळ मेसेज तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

बहुतेक मैत्र्यांमध्ये गोष्ट इथवर येत नाही. सिंहगडाच्या प्रश्नाला ‘साडेपाचला, उशीर करू नकोस’ असं उत्तर आलं, की समजायचं, निरोप पोहोचला.